गालातला पांढरा चट्टा : तुकडा काढावा की वाट पाहावी?

माणदेशी
माझे वडील ५८ वर्षांचे, शेती करतात. तीस वर्षं तंबाखू-चुना मळून डाव्या गालात धरतात. तिथेच अडीच महिन्यांपासून पांढरा चट्टा आहे, दुखत नाही. आधी बुरशीवरचं औषध लावलं, फरक पडला नाही. मग दातांच्या डॉक्टरांनी शेजारच्या तुटक्या दाढेची कड घासून दिली आणि तंबाखू बंद करून पंधरा दिवसांनी बोलावलं. तंबाखू खरंच बंद होता, मी स्वतः लक्ष ठेवलं. काल ते म्हणाले, चट्टा तसाच आहे, तुकडा काढून तपासायला पाठवू. घरात सगळे म्हणतात, कॅन्सर असेल तर सुरी लावली की पसरतो. खरंच गरज आहे का?

भाऊसाहेब
घाई करू नका. मलाही खालच्या ओठाच्या आत, जिथे बार भरायचो तिथे, असाच पांढरा सुरकुतलेला भाग होता. तंबाखू सोडला आणि दीड महिन्यात जागा गुलाबी झाली. ना सुई, ना टाका. डॉक्टरांना पंधरा दिवसांतच सगळं हवं असतं. माझ्या चुलत्यांना तुकडा काढेपर्यंत काही त्रास नव्हता. काढल्यावर चार महिन्यांत गाल फुटून बाहेर आलं. मी डोळ्यांनी पाहिलंय. वडिलांना निदान सहा महिने द्या.

शाल्मली (मुख-विकृतितज्ज्ञ)
भाऊसाहेब, तुमच्या ओठाचं जे झालं ते खरं आहे आणि बऱ्याच जणांचं तसंच होतं. तंबाखू-चुन्याने तिथली कातडी भाजते, जाड होते, आणि कारण गेलं की काही आठवड्यांत पूर्ववत होते. म्हणून तर त्या डॉक्टरांनी आधी तंबाखू थांबवला, दाढ घासली आणि मगच पुन्हा पाहिलं. हे पंधरा दिवस म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे, ती एक तपासणीच होती. पण ती वडिलांच्या बाबतीत नापास झाली. कारण काढूनही चट्टा जरासुद्धा फिकट झाला नाही, तर 'घासून झालाय' किंवा 'तंबाखूने भाजलंय' एवढ्यावर थांबता येत नाही.

बाकीच्या शक्यता बऱ्याच अंशी खुर्चीवरच गळतात. जाळीच्या कापडाने पुसल्यावर पांढरं सुटून खाली लाल ओलसर जागा दिसली, तर बुरशी. गाल बोटांनी ताणल्यावर पांढरेपणा नाहीसा झाला, तर ती फक्त त्वचेची ठेवण, आजार नाही. दात जिथे एकमेकांवर बसतात त्याच उंचीवर गालावर सरळ पांढरी रेघ असेल, तर तीही निरुपद्रवी. दातदुखीवर लवंगतेल किंवा वेदनाशामक गोळी गालात दाबून ठेवली असेल, तर आठवड्याभरात साल निघून जातं. या सगळ्यांतून जो चट्टा शिल्लक राहतो, पुसला जात नाही आणि ज्याला दुसरं नाव देता येत नाही, त्यालाच आम्ही ल्यूकोप्लाकिया म्हणतो. हे नाव म्हणजे निदान नव्हे. इथून पुढे नजरेने काही सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एक विचारते. चट्टा सगळीकडे सारखाच पांढरा, गुळगुळीत आहे का? की कुठे लालसर ठिपके, खरखरीत दाणे, छोटा चर आहे? बोटाने दाबल्यावर कुठे कडक लागतं का?

माणदेशी
आत्ता टॉर्च लावून पाहिलं. पुढचा भाग सपाट, पांढरा. मागे शेवटच्या दाढेजवळ, पाव इंच असेल, लाल-पांढरं मिसळलेलं दिसतंय. हात लावल्यावर कडक वाटलं नाही, पण मला काय कळणार.

शाल्मली (मुख-विकृतितज्ज्ञ)
मग तुकडा काढाच. सारखाच पांढरा चट्टा आणि लाल मिसळलेला चट्टा यांत फार अंतर आहे. पांढरं म्हणजे वरचा थर जाड झालाय. तो जाड असल्यामुळे खालच्या रक्तवाहिन्या दिसत नाहीत. लाल म्हणजे तिथे तो थर पातळ झालाय, पेशी नीट पिकतच नाहीयेत. तुकडा त्या लाल भागातून यायला हवा, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. माझ्या टेबलावर येणारे निम्मे घोळ इथेच होतात. पुढचा पांढरा भाग हाताला सहज लागतो, तिथला तुकडा काढला जातो, 'फक्त जाड कातडी' असा रिपोर्ट जातो, आणि घरचे निर्धास्त होतात. तुकडा फक्त स्वतःपुरती साक्ष देतो, शेजारच्या भागाबद्दल तो काही बोलत नाही. चट्टा मोठा आणि दोन रंगांचा असेल तर दोन ठिकाणचे दोन तुकडे, दोन वेगळ्या बाटल्यांत.

सुमेधा
मला हे पटत नाही. माझ्या दोन्ही गालांवर पांढऱ्या जाळीसारखी नक्षी होती, तिखट खाल्लं की आग व्हायची. मलाही 'तुकडा, तुकडा' करून घाबरवलं. आठ दिवस झोपले नाही. रिपोर्ट आला, लायकेन प्लेनस, म्हणजे कॅन्सर नव्हे, त्वचेचा जुनाट दाह. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी नुसतं पाहून तेच सांगितलं. मग मला का कापलं? प्रत्येक पांढऱ्या डागाला सुरी लावणं ही सवय झाली आहे.

तालुक्याचा दंतवैद्य
सुमेधाताई, तुमच्या प्रश्नावर आम्हा डॉक्टरांतच एकमत नाही. दोन्ही गालांवर सारखी जाळी, दुसरं काहीच नाही, असं अगदी ठसठशीत चित्र असेल तर मी तुकडा काढत नाही. औषध देतो आणि बोलावत राहतो. जाळी एकाच बाजूला असेल, एखाद्या चांदीच्या फिलिंगला टेकूनच असेल, किंवा मधे लाल-जखमी भाग असेल तर मात्र काढतो.

शाल्मली (मुख-विकृतितज्ज्ञ)
मी तिथेही काढा म्हणेन. पुढे काही वर्षांनी चित्र बदललं तर सुरुवातीला काय होतं हे दाखवणारी, त्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालची काच हाताशी असते. शिवाय जाळीसारखं दिसणाऱ्या काही चट्ट्यांत काचेखाली बिघडलेल्या पेशी निघालेल्या मी पाहिल्या आहेत. पण सुमेधाताईंना जी भीती सोसावी लागली ती टाळता आली असती. 'आम्हाला काय वाटतं आणि आम्ही काय वगळतोय' हे दोन वाक्यांत सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही, ही डॉक्टरांची चूक.

लताकाकी
माझ्या मुलाचेही गाल पांढरे पडलेत. तोंड पूर्ण उघडत नाही, दोन बोटंच जातात. आमटीतलं थोडं तिखटही सोसत नाही. वय २४. सुपारीच्या पुड्या खातो. त्याचाही तुकडा काढायचा का?

तालुक्याचा दंतवैद्य
काकी, हा चट्टा नव्हे, हा वेगळा आजार. सुपारीने गालाच्या आतले तंतू आखडतात, गाल संगमरवरासारखा फिका आणि ताठ होतो. ते ओळखायला सहसा तुकडा लागत नाही. पण त्या फिक्या गालावर वेगळा उठून दिसणारा पांढरा किंवा लाल डाग, न भरणारी जखम असेल तर त्या जागेचा तुकडा हवा. सुपारी आजपासून बंद, आणि तोंड किती उघडतं ते मोजून लिहून ठेवा. या आठवड्यातच दाखवा.

भाऊसाहेब
सगळं ऐकलं. पण चुलत्यांचं काय? सुरी लागेपर्यंत माणूस शेतात होता.

शाल्मली (मुख-विकृतितज्ज्ञ)
भाऊसाहेब, तुमचं दुःख मी नाकारत नाही. तुकडा काढला तेव्हा गालात काय होतं, आठवतंय का? सूज होती? गळ्यात गाठ होती?

भाऊसाहेब
गळ्यात लिंबाएवढी गाठ होती. आठ महिने अंगावर काढलं होतं. रिपोर्ट आल्यावरही तीन महिने झाडपाल्याचं औषध केलं.

शाल्मली (मुख-विकृतितज्ज्ञ)
म्हणजे सुरी लागायच्या आधीच तो गळ्यापर्यंत पोचला होता. तुकड्याने फक्त त्याचं नाव कळलं. तोंडातला तुकडा काढल्यामुळे कॅन्सर पसरून रुग्णाचं आयुष्य कमी झालं, असं दिसलेलं नाही. आणि पुढे शस्त्रक्रिया झालीच तर ती जागा पूर्णच काढली जाते. जे तीन महिने गेले, नुकसान त्यांनी केलं.

तालुक्याचा दंतवैद्य
एका मुद्द्यावर मात्र मी शाल्मलीताईंशी भांडणार. तुकडा कुणी काढायचा? मी माझ्या दवाखान्यात काढत नाही. छोटा चट्टा कुणी 'बरं झालं, पूर्णच काढून टाकू' म्हणून काढतो, रिपोर्ट वाईट येतो, तोवर जागा भरून येते आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला नेमकं कुठून कापायचं ते सापडत नाही. पुढे उपचार करणार त्यानेच आधी जागा पाहावी, फोटो घ्यावा, मोजमाप लिहावं.

शाल्मली (मुख-विकृतितज्ज्ञ)
आणि पाठवलेले किती जण तिथवर पोचतात? मुंबईला परळला जा म्हटलं की अर्धे जण घरी बसतात. फोटो आणि मोजमाप तुम्हीही घेऊ शकता. चट्टा अख्खा न काढता त्याचा नमुना घ्या, जागा जिथल्या तिथे राहते. पाच मिलिमीटर रुंद, आणि नुसतं वरचं साल नको, खालचा गुलाबी भागही आला पाहिजे, कारण पेशी खाली उतरल्यात का हेच बघायचं असतं. जाळून कापू नका, कडा करपतात आणि वाचता येत नाहीत. बाटलीत दहा टक्के फॉर्मेलिन, तुकड्याच्या निदान दहापट. सलाईनमध्ये टाकून आलेला तुकडा दोन दिवसांत सडतो. असे तुकडे मी परत पाठवलेत आणि पेशंटला दुसऱ्यांदा टोचावं लागलंय.

तालुक्याचा दंतवैद्य
फॉर्मेलिनचं मान्य. बाकी माझं मत तेच.

माणदेशी
एवढंच विचारतो. रिपोर्ट 'काही नाही' आला तर सुटलो का?

शाल्मली (मुख-विकृतितज्ज्ञ)
लाल भागातून नीट तुकडा आला आणि पेशी व्यवस्थित निघाल्या, तर आज धोका कमी आहे इतकंच कळतं. तंबाखू बंदच, तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं, दर वेळी त्याच कोनातून फोटो. कडक लागलं, जखम झाली, लाल भाग वाढला तर पुन्हा तुकडा. पेशींची रचना बिघडलेली निघाली तर किती बिघडली यावर पुढचं ठरतं. बिघाड मध्यम किंवा जास्त असेल तर चट्टा काढून टाकतात. अगदी सौम्य असेल तर काढायचा की नजर ठेवायची, यावर मतभेद आहेत. काढला तरी परत येऊ शकतो, म्हणून तेव्हाही येणं थांबत नाही.

माणदेशी
गुरुवारची वेळ घेतली. लाल भागातून घ्या, दोन बाटल्या ठेवा, हे सांगितलं, डॉक्टर हो म्हणाले. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेतात, तेही कळवलं. त्यांनी गोळी बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना मी फोन करतो, असं सांगितलंय. आई अजून बोलत नाही.

भाऊसाहेब
गुरुवारी मीही येतो बरोबर. वहिनींना सांगा, मी चुलत्यांच्या गाठीचं सांगेन.