मांडवीत आईंना दिवसा आडवं होता येईल का?

*सावंत वहिनी, बी-३०२:* कोकण रेल्वेने नेहमी जाणाऱ्यांना विचारते. गणपतीला मांडवीने कुडाळला निघतोय, ठाण्याहून बसणार. स्लीपरची चार तिकिटं आहेत, एकाच डब्यात. आईंना १७ नंबर, यांना १८, मला २१ आणि चिनूला २४. आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी पाय लांब ठेवायला सांगितलंय. १७ लोअर आहे म्हणून निश्चिंत होतो, पण यांचे मित्र म्हणतात की दिवसा त्यावर बाकीचेही बसतात. खरं का?

*प्रभू, ए-५०१:* खरं आहे, वहिनी. लोअर बर्थ झोपण्यासाठी तुमचा असतो तो रात्री ९ ते सकाळी ६. बाकी वेळ ती सगळ्यांची सीट.

*कुलकर्णी काका, सी-१०१:* ९ नाही, १०. ऑगस्ट २०१७ मध्ये रेल्वे बोर्डाने वेळ बदलली. आता रात्री १० ते सकाळी ६ हीच झोपेची वेळ. स्लीपर असो वा एसी, झोपायची सोय असलेल्या सगळ्या रिझर्व्ह डब्यांना तीच लागू आहे. ९ चा हिशेब धरून खूप जण वाद घालतात, म्हणून स्पष्ट लिहितो.

वहिनी, तुमची अडचण गाडीच्या वेळेत आहे. मांडवी सकाळी सातनंतर सीएसएमटीहून सुटते आणि कुडाळला उतरेपर्यंत रात्रीचे दहा वाजतच नाहीत. म्हणजे तुमचा अख्खा प्रवास बसायच्या वेळेत आहे. नियमाने बघितलं तर आईंना एक मिनिटही आडवं होण्याचा हक्क नाही.

*सावंत वहिनी, बी-३०२:* बाप रे. पण त्या ज्येष्ठ नागरिक आहेत ना? म्हणूनच लोअर मिळाला असेल.

*कुलकर्णी काका, सी-१०१:* वयामुळे लोअर मिळायला मदत होते, झोपायचे तास वाढत नाहीत. मात्र त्याच परिपत्रकात एक वाक्य तुमच्या कामाचं आहे: आजारी, दिव्यांग आणि गरोदर प्रवाशांना या वेळेबाहेर झोपायचं असेल तर इतरांनी सहकार्य करावं. ही विनंती आहे, सक्ती नाही. त्यामुळे टीटीई सहप्रवाशांना समजावू शकेल, पण कुणाला सीटवरून उठवू शकणार नाही.

*नेहा देशमुख, ए-२०४:* काका, १७ वर नेमके कोण बसणार? कप्प्यातले आठही जण?

*कुलकर्णी काका, सी-१०१:* नाही. स्लीपरला आणि नेहमीच्या थ्री एसीला एका कप्प्यात आठ बर्थ असतात. नंबरला आठने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ तर मिडल, ३ किंवा ६ तर अप्पर, ७ म्हणजे साइड लोअर आणि बाकी शून्य आली तर साइड अप्पर. टू एसीत सहाचा हिशेब आहे आणि मिडल नाही.

आता सावंतांचं बघा. १७, १८, १९ या तिघांचं एक बाक. समोर २०, २१, २२ यांचं दुसरं. २३ आणि २४ साइडला समोरासमोर. म्हणजे आई आणि सावंत एका बाकावर, पण त्यांच्याबरोबर १९ नंबरचा अनोळखी प्रवासी. वहिनींची बसायची जागा समोर, २० नंबरवाल्याच्या बाकावर. तो "हा माझा बर्थ" म्हणाला तरी दिवसा त्याला नकार देता येत नाही. हक्क फक्त या रिझर्व्ह प्रवाशांचा. पनवेलला चढून कुणी "जरा सरका" म्हणालं तर सरकायचं बंधन नाही.

*प्रभू, ए-५०१:* मग सावंत १८ उघडून वर झोपले तर आईंना जागा होईल की.

*कुलकर्णी काका, सी-१०१:* तिथेच सगळी भांडणं होतात. मिडल बर्थ म्हणजे खालच्या बाकाची पाठ. तो उचलून साखळीला अडकवला की खाली बसणाऱ्याचं डोकं वर लागतं, मान वाकवूनच बसावं लागतं. म्हणून दिवसा १९ नंबरवाला खाली बसलेला असताना मिडल उघडता येत नाही, त्याने हरकत घेतली की खाली पाडावाच लागतो. अप्पर आणि साइड अप्परचं तसं नाही. ते कायम उघडे असतात आणि तिथे दिवसभर झोपलं तरी कुणाला त्रास नाही.

आईंसाठी हाच धागा पकडा. १९ नंबरवाल्याकडे वर जायचा पर्याय आहे, चिनूकडेही आहे. चिनूने आपल्या २४ वर बसावं-झोपावं. मग २३ वरची तिची अर्धी जागा रिकामी होते, तिथे सावंत बसतील. १९ वाला वर गेला की १७ चं पूर्ण बाक आईंना मिळतं. फक्त एका माणसाला विनंती करायची आहे.

*नेहा देशमुख, ए-२०४:* आणि तो नाही म्हणाला तर?

*कुलकर्णी काका, सी-१०१:* तर आईंना खिडकीपाशी टेकून बसवा आणि पाय समोरच्या बाकावर, वहिनींच्या जागेवर ठेवा. ती जागा वहिनींच्या हक्काची आहे, त्यामुळे इतर कुणाला बोलायचं कारण नाही. पायाखाली उशी घ्या. समोरासमोरच्या बाकांत अंतर असतं, ते बॅगने भरून काढा, नाहीतर गुडघा लोंबकळत राहील.

विनंती ठाण्यालाच करा, सामान लावतानाच. ऑपरेशनचा कागद जवळ ठेवा. जेवणं झाल्यावर विचारलं तर तोवर प्रत्येकाने आपली बैठक ठरवलेली असते आणि मग चिडचिड होते.

*सावंत, बी-३०२:* काका, मनापासून आभार. २३ वर आरएसी असेल तर?

*कुलकर्णी काका, सी-१०१:* बरं विचारलंत. आरएसी असेल तर साइड लोअरवर दोघांना जागा दिलेली असते. म्हणजे दोन जागा आणि चिनू धरून तीन माणसं. तेव्हा चिनूची जागा सोडून द्या, तिला वरच बसू दे. सावंतांनी १७ वरच आईंच्या पायाशी बसायचं. १९ वाला वर गेला असेल तर दोघांत तेवढं जमतं, पाय मांडीवर घेता येतात.

*सावंत वहिनी, बी-३०२:* येताना कोकणकन्या आहे. तिथेही असंच?

*कुलकर्णी काका, सी-१०१:* तिथे उलट, आईंच्या सोयीचं. कुडाळला गाडी रात्री येते, थोडा वेळ बसायचं आणि दहाला मिडल उघडला की ठाण्यापर्यंत झोप. पण दहानंतर मिडलवाला झोपायला आला की लोअरवाल्याने "जेवण व्हायचंय" म्हणून त्याला थांबवता येत नाही, त्यामुळे डबे आधी उरका. साइड अप्परवाल्याचाही १० ते ६ खालच्या बर्थवर काही हक्क नाही, हे परिपत्रकात वेगळं लिहिलेलं आहे. चिनूला पुन्हा साइड अप्पर आला तर दहाला तिने वर जायचं.

*प्रभू, ए-५०१:* कुणी ऐकलंच नाही तर १३९ वर फोन ना?

*कुलकर्णी काका, सी-१०१:* आधी टीटीई. तो दिसला नाही तर १३९ किंवा रेलमदद ॲप. पीएनआर, डबा, बर्थ नंबर आणि तक्रार एका ओळीत: "दिवसा मिडल बर्थ उघडून ठेवला आहे, खाली बसता येत नाही." पुढचं स्टेशन कोणतं तेही सांगा. "सहप्रवासी त्रास देतात" एवढंच लिहिलं तर नेमकं काय करायचं ते समोरच्याला कळत नाही. आईंना झोपायला जागा हवी म्हणून मात्र तक्रार करू नका, तिथे नियम १९ नंबरवाल्याच्या बाजूने आहे.