कार्डावर फक्त 'इंजिन तापतंय': मालकाला विचारायचं, की कार्ड परत खुंटीला?

वर्कशॉपवाला, रत्नागिरी
१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, खुंटीला बोटींची चौदा जॉबकार्डं लटकलीत. एकावर एवढंच लिहिलंय: 'इंजिन तापतंय, लवकर करा.' मालकाचा फोन लागत नाही. एका मिस्त्रीने कार्ड घेतलं आणि अर्ध्या तासाने परत लटकवलं. दुसरा म्हणतो, घेतलेलं काम परत टाकायचं नसतं, खोलायला सुरुवात कर. कोणाचं बरोबर?

खारा पाना
खोलायला सुरुवात करणाऱ्याचं नक्कीच नाही. 'तापतंय' म्हणजे चार वेगवेगळी कामं असू शकतात. म्हणून आधी, काहीही न खोलता, दहा मिनिटांत जे बघता येतं ते बघा. समुद्राच्या पाण्याची गाळणी काढा, पिशवीचा तुकडा अडकलेला असतो. बोट पाण्यात असेल तर इंजिन सुरू करून बाजूच्या नळीतून पाणी नेहमीच्या जोराने पडतंय का बघा. धार बारीक असेल तर मालकाला काही विचारायचीही गरज नाही, पंपाचं झाकण काढून इंपेलर बघा. रबराची पाती तुटली असतील तर तुकडे मोजा. जे सापडत नाहीत ते पुढे कूलरच्या तोंडाशी जाऊन बसलेले असतात. नुसता नवा इंपेलर टाकलात तर बोट आठ दिवसांत परत येईल.

धार चांगली असेल, तरच विचारायची वेळ येते. प्रश्न एकच: बंदरात नुसतं सुरू ठेवल्यावर तापतं, की जाळं ओढताना?

हात काळे
एवढं कोण विचारत बसणार? आम्ही तापण्याची तक्रार आली की सरळ कूलर उतरवून साफ करतो. दहातल्या आठांचं भागतं. उरलेले दोन परत येतात तेव्हा बघू.

खारा पाना
ऐन बंदी उठताना परत आलेली बोट म्हणजे मालकाचा आठवडा बुडाला. माझ्याकडची गोष्ट सांगतो. असंच कार्ड होतं, पोराने अख्खा दिवस घालवून कूलर चकचकीत केला. बोट गेली आणि तशीच परत आली. तेव्हा कुठे विचारलं. उत्तर आलं, "येताजाताना ठीक असतं, जाळं पडलं की काटा चढतो आणि काळा धूर येतो." मग कळलं, ओढ वाढावी म्हणून त्यांनी बोटीखाली, पाण्यात फिरणारा पंखा मोठा बसवला होता. इंजिनाला तो पेलत नव्हता. हे कूलरमध्ये शोधून सापडणारं नव्हतं, ते फक्त बोटीवरच्या माणसाला ठाऊक होतं.

दर्यावर्दी, मालवण
अरे, पण मालकाक कित्याक इचारतास? तो काय दर्यात जाता? तांडेलाक फोन लाव. मालक सांगतलो 'तापता', आणि तांडेल सांगतलो कधी तापता, किती वेळान, धूर कसलो. माझ्या बोटीचा कार्ड दोन वेळा मागे गेला, कारण वर्कशॉपवाल्यान माकाच फोन केलो आणि माका काय्येक ठाऊक नाय.

बागायतदार
आमच्याकडेही फवारणीचा पंप दुरुस्तीला दिला की पंधरा-पंधरा दिवस फोन येत नाही. या वर्कशॉपवाल्यांना दंडच लावला पाहिजे.

वर्कशॉपवाला, रत्नागिरी
दादा, फोन आम्हीच करतोय, तोच लागत नाही! तांडेलाचं बरोबर आहे, त्याचा नंबर मागवतो. पण तोही गावाला असेल आणि रेंज नसेल, तर कार्ड मिस्त्रीने धरून ठेवायचं का?

खारा पाना
नाही. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही तर परत लटकवा, पण कोरं नको. तुमच्या पहिल्या मिस्त्रीने कार्ड परत टाकलं हे चुकलं नाही, काही न लिहिता टाकलं हे चुकलं. पुढचा माणूस पुन्हा गाळणीपासून सुरुवात करणार. मागच्या बाजूला लिहा: 'गाळणी साफ, धार चांगली, झाकण उघडलेलं नाही. तांडेलाला विचारायचं: कधी तापतं, धूर कसला, पंखा बदललाय का. फोन दोनदा केला, उद्या सकाळी परत.' आणि ते मिस्त्रीच्या नावावर ठेवू नका, नाहीतर तो सुट्टीवर गेला की कार्डही सुट्टीवर जातं.

हात काळे
लिहायचं मान्य. पण परत टाकलेलं कार्ड रांगेच्या शेवटी गेलं पाहिजे. ज्याने धड माहिती दिली नाही, त्याच्यासाठी बाकीच्या तेरांनी थांबायचं का?

दर्यावर्दी, मालवण
म्हणजे फोन लागलो नाय म्हणान माझी बोट शेवटाक? कार्ड लिहून घेताना तुमच्याच माणसान इचारूक होया होता. चूक तुमची, नंबर माझो गेलो!

वर्कशॉपवाला, रत्नागिरी
यावर आमच्याकडे कालच भांडण झालं. तूर्त जागा तीच ठेवलीय, उद्या दुपारपर्यंत. तांडेलाच्या भावाचा नंबर मिळालाय, लावून बघतो.