मस्कतहून कायमचा परत आलो, एनआरई-एनआरओचं काय करू?

आंबेवाला
१३ वर्षं मस्कतला काढून २० मे २०२५ ला रत्नागिरीला परत आलो. व्हिसा रद्द केला, सामान कार्गोने आणलं, आता वडिलांची कलमं बघायची. नोकरी करायची नाही. या सगळ्या गडबडीत बँकेचं काम राहून गेलं आणि नोव्हेंबर उजाडला.

सध्या बाहेरची कमाई ठेवायच्या एनआरई बचत खात्यात ११ लाख आहेत. ४० लाखांची एनआरई एफडी आहे, मार्च २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ७ टक्क्यांनी केलेली. २० हजारांची एफसीएनआर, म्हणजे डॉलरमधलीच ठेव, जून २०२६ ला सुटेल. इथल्या उत्पन्नाच्या एनआरओ खात्यात ६ लाखांची एफडी, आणि चिपळूणच्या ब्लॉकचं १२ हजार भाडं त्याच खात्यात येतं.

शाखेत विचारलं तर बाई म्हणाल्या, "एफडी राहू द्या की मुदतीपर्यंत, व्याज करमुक्तच आहे." मेहुणा म्हणतो साफ चूक. मुलीचं २०२७ मध्ये जर्मनीला शिकायला जायचं चाललंय, त्यामुळे सगळं रुपयांत आणायलाही हात धजत नाही. कोणी नुकतंच हे केलंय का?

खारेवारे
दादा, घाबरू नका. १८२ दिवस पूर्ण होईपर्यंत तुम्ही एनआरआयच. शिवाय इतकी वर्षं बाहेर होतात म्हणजे पुढची दोन वर्षं आरएनओआर, रहिवासी पण 'सामान्य रहिवासी' नाही असा दर्जा. त्यात एनआरईचं व्याज करमुक्त. मी २०१९ ला दोहाहून आलो तेव्हा एफडीला हातही लावला नाही. कोणी विचारलं नाही.

शेवगा
माझा मुलगा गेल्या महिन्यात दुबईला गेला. त्याचं साधं खातं एनआरओ करायला त्याने इथे यायला लागेल का?

हिशोबी मामी
शेवगा, तुमचं उलट्या दिशेचं आहे, वेगळा धागा काढा. इथे गुंता नको.

खारेवारे, दोन कायद्यांची खिचडी झाली. १८२ दिवस आणि आरएनओआर हे आयकराचं. खातं कोणत्या प्रकारचं असावं हे फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, ठरवतो, आणि तिथे दिवस मोजत नाहीत, हेतू बघतात. आंबेवाले व्हिसा रद्द करून कायमचे राहायला आले, म्हणजे २० मेपासूनच फेमाच्या लेखी रहिवासी. आणि खरी मेख अशी, की एनआरईच्या व्याजाची करमाफी आयकरातल्या आरएनओआरला नसून फेमाने बाहेर राहणाऱ्या माणसाला आहे. तुम्हाला कोणी विचारलं नाही, कारण बँक एनआरईवर टीडीएस कापत नाही. कापला नाही म्हणजे कर नव्हता असं नाही.

एफसीएनआरचं मात्र वेगळं. तिची माफी आयकरातल्या दर्जावर आहे, आरएनओआरलाही मिळते. म्हणजे एकाच माणसाच्या दोन ठेवी, एकीचं व्याज मेपासून करपात्र, दुसरीचं नाही. मी बँकेत परकीय चलन विभागात २६ वर्षं होते. हे नीट माहीत असलेले शाखेतले लोक बोटांवर मोजण्याइतके.

खारेवारे
मान्य, एवढं खोलात गेलो नव्हतो. पण आरएनओआर दोन वर्षं हे तरी बरोबर ना?

हिशोबी मामी
यांच्या बाबतीत हो. २०२५-२६ आणि २०२६-२७. वर्षाला महिनाभर सुट्टीवर येत असतील असं धरते. मार्च २०२७ नंतर पूर्ण रहिवासी.

आंबेवाला
महिना-सव्वा महिना यायचो. मग एफडी मोडू का लगेच? कर किती बसेल?

हिशोबी मामी
मोडू अजिबात नका. बँक तीच एफडी रहिवासी म्हणून नोंदवते, ७ टक्के मुदतीपर्यंत तसेच राहतात.

कराचं गणित बघू. ४० लाखांचं वर्षाचं व्याज २ लाख ८० हजार. २० मे ते मार्चअखेर धरलं तर साधारण २ लाख ४२ हजार करपात्र. एनआरओ एफडीचे ४२ हजार समजा. भाड्याचे १ लाख ४४ हजार, त्यातून ३० टक्के वजावट जाऊन लाखभर. बचत खात्याचं थोडं मिळवून ४ लाख १० हजारांच्या आसपास. नव्या करप्रणालीत रहिवाशाला १२ लाखांपर्यंत रिबेट आहे आणि आरएनओआर हाही रहिवासीच. तेव्हा कर शून्य. फक्त रिटर्नमध्ये हे व्याज दाखवायचं, करमुक्त रकान्यात टाकायचं नाही. बँकेचं प्रमाणपत्र तारखेनुसार तोडून देणार नाही, तिमाही नोंदी बघून स्वतः मोजावं लागेल.

उलट नुकसान एनआरओत चाललंय. खातं न बदलल्यामुळे तिथे ३१.२ टक्के टीडीएस जातोय, ४२ हजारांवर १३ हजार. रिटर्न भरून परत मिळेल, पण तोवर अडकला. खाती रहिवासी झाली की टीडीएस कापू नये म्हणून १५जी फॉर्म भरून द्या.

पिंपळपान
फेमात रकमेच्या तिप्पट दंड आहे म्हणे! सहा महिने उशीर झालाय यांना.

हिशोबी मामी
कायद्यात तरतूद आहे. पण स्वतःहून येऊन खातं बदलणाऱ्याला दंड झालेला मी पाहिला नाही. आल्याची तारीख मात्र लपवू नका. फॉर्मवर मेच लिहा, पासपोर्टवर शिक्का आहेच.

आंबेवाला
आणि जर्मनीसाठी? आरएफसी खात्याबद्दल वाचलं.

हिशोबी मामी
परत आलेल्या माणसाचं परकीय चलनातलं खातं ते. त्यातून बाहेर पैसे पाठवायला वार्षिक अडीच लाख डॉलरची मर्यादा लागू नाही. एनआरई आणि एफसीएनआरचा पैसा त्यात जातो, एनआरओचा नाही.

पण सगळं तिकडे नेऊ नका. रुपयाचं परकीय चलन करताना बँक आपला दर लावते, परत रुपये करताना पुन्हा लावते, आणि आरएफसीवर व्याज रुपयाच्या एफडीइतकं नसतं. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. तुमच्या २० हजार डॉलरमध्ये ते बसतात. जूनमध्ये एफसीएनआर सुटली की थेट आरएफसीत डॉलर म्हणूनच ठेवा, रुपये करूच नका. व्याजही मार्च २०२७ पर्यंत करमुक्त. ११ लाख खुशाल साध्या खात्यात येऊ देत, कलमांना फवारणी-खत लागणारच.

न्यूजर्सीतला बंड्या
माझा पेच. वडिलांच्या पक्षाघातामुळे आठ महिने सांगलीत आहे. ग्रीन कार्ड आहे, ऑफिसने बिनपगारी रजा दिलीय, परत जायचं की नाही ठरलेलं नाही. मी फेमाने कोण?

हिशोबी मामी
हे अवघड. कायद्याचे शब्द 'अनिश्चित काळासाठी राहण्याचा हेतू' असे आहेत. रजेचं पत्र आणि तिथलं घर हे परतण्याच्या बाजूचं, आठ महिन्यांचा मुक्काम विरुद्ध बाजूचा. दोन सीए दोन उत्तरं देतील. रजेचं पत्र जपून ठेवा, आणि राजीनामा द्याल तर त्या दिवशी बँक गाठा.

खारेवारे
माझ्या मते आठ महिने म्हणजे झालाच रहिवासी.

हिशोबी मामी
पुन्हा दिवस मोजलेत!

आंबेवाला
आज जाऊन आलो. पासपोर्ट, रद्द व्हिसा, पॅन, आधार, फोटो, नवं केवायसी आणि कर-रहिवासाचं एक घोषणापत्र. बचत खात्याचा क्रमांक तोच राहील म्हणाले, पण एसआयपीचा हप्ता त्याच खात्यातून जातो, त्यामुळे म्युच्युअल फंडाकडेही दर्जा बदलून घ्यावा लागेल. एफडीची पावती नवी मिळेल. आरएफसी मात्र इथल्या शाखेत उघडत नाहीत, कोल्हापूरला विचारा म्हणाले. त्या बाई अजूनही व्याज करमुक्तच म्हणतायत.