आटणे, आकसणे की आड जाणे? वळून बसलेल्या माणसाच्या फोटोतील जाकिटाविषयी

निपाणी, फोटो स्टुडिओ
साखरपुड्याच्या पत्रिकेसाठी फोटोतील सदऱ्यावर नेहरू जाकीट चढवून देण्याचे काम आमच्याकडे नेहमी येते आणि नव्या मुलांसाठी मी त्याच्या सूचना मराठीत लिहीत आहे. माणूस सुमारे 45 अंश वळून बसलेला असला की जाकिटाचा पलीकडचा पल्ला अरुंद दिसतो. आमची मुले ‘पल्ला आटला’ असे म्हणतात. लेखी सूचनेत हा शब्द चालेल का?

शहापूर, बेळगाव, शिवणकाम
कापड आटण्याची शंका असेल तर बेतण्यापूर्वीच ते भिजवून, सावलीत वाळवून इस्त्री करून घ्यावे. अस्तरही भिजवावे, कारण दोन्ही सारखी आटत नाहीत आणि नंतर पल्ल्याला झोळ येतो.

निपाणी
मास्तर, कापड खरोखर आटलेले नाही, फक्त फोटोत तसे दिसते. तुमच्या उत्तरावरून ‘आटणे’ बाद करावे लागेल, एवढे मात्र कळले.

चिकोडी, फ्लेक्स डिझाइन
यात अवघड काही नाही. समोरून काढलेल्या जाकिटाची रुंदी 70 टक्के करावी, कारण 45 अंशांचे कोसाइन 0.71 येते. शब्दही ‘दाबणे’ असा सरळ लिहावा.

खानापूर, चित्रकला शिक्षक
हे गणित दुकानाच्या पाटीला लागू पडते, कारण पाटी सपाट असते. छाती गोलाकार आहे, त्यामुळे दोन्ही पल्ले सारखे अरुंद होत नाहीत. छातीची रुंदी आणि जाडी 3:2 धरून, कॅमेरा पुरेसा लांब ठेवून कागदावर लंबवर्तुळ काढून पाहावे. समोरून प्रत्येक पल्ला 15 मिमी दिसत असेल, तर 45 अंश वळल्यावर अलीकडचा पल्ला सुमारे 18 मिमी होतो, म्हणजे उलट रुंदावतो. पलीकडचा जेमतेम 6 मिमी उरतो, आणि अलीकडच्या कडेला पाठीचा साधारण 2 मिमी भाग नव्याने दिसू लागतो. एकूण रुंदी 30 वरून सुमारे 26 वर येते. सरसकट 70 टक्के केल्यास ती 21 होईल, आणि जाकीट सदऱ्याच्या आतच संपेल.

चित्रकलेच्या वर्गात आम्ही याला ‘लघुदर्शन’ म्हणतो. परंतु त्या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात, आणि या कामात त्या वेगळ्या ठेवणे मला आवश्यक वाटते. पलीकडच्या पल्ल्याचा काही भाग अरुंद होऊन दिसतो, तर काही भाग छातीच्या वळणापलीकडे जाऊन दिसतच नाही. पहिल्याला ‘आकसणे’ आणि दुसऱ्याला ‘आड जाणे’ म्हणावे.

निपाणी
सर, आमची अडचण नेमकी येथेच होती. एका चौकटीच्या जाकिटाच्या पल्ल्यावर चौकटींच्या सहा उभ्या ओळी होत्या आणि मुलाने `Warp` वापरून सहाही ओळी त्या अरुंद जागेत बसवल्या. जाकीट अंगावर नसून पुठ्ठ्यावर चिकटवल्यासारखे दिसत होते, पण कारण सापडत नव्हते.

खानापूर
वरच्या मापाने कापडाचा सुमारे तिसरा हिस्सा आड जातो, म्हणून तेथे चारच ओळी दिसायला हव्यात. त्याही सारख्या नकोत. बटणपट्टीजवळची रुंद आणि कडेची अगदी चिंचोळी हवी. उंची मात्र सर्व चौकटींची तेवढीच राहते. साधे कापड असेल तर बटणे पाहावीत, कारण वळलेल्या छातीवरचे गोल बटण उभट दिसते.

अलीकडचा पल्ला रुंद करणे अधिक कठीण आहे. समोरच्या फोटोत बगलेजवळचे कापड कडेला चिंचोळे होऊन आलेले असते. ते ताणले की वीण फासटते. मुंढाही समोरून फटीसारखा दिसतो, पण वळल्यावर उघडून लांबट गोल होतो, आणि त्याची आतली कड मूळ फोटोत नसतेच. म्हणून जाकीट पुतळ्यावर चढवून त्याच कोनातून वेगळा फोटो काढावा, असे माझे मत आहे.

चिकोडी
मग एकाच बाजूने वळलेला फोटो काढून ठेवू आणि गरज पडेल तेव्हा आरशासारखा उलटवू.

शहापूर
आता प्रश्न ध्यानात आला. तसे उलटवू नका. पुरुषाच्या जाकिटाचा डावा पल्ला उजव्यावर येतो आणि छातीचा खिसा डावीकडे असतो. उलटवल्यावर दोन्ही बाजू बदलतात, आणि आमच्यासारख्याला ते पत्रिकेवरही लगेच दिसते. दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत.

निपाणी
सूचना अशी लिहितो : ‘पलीकडच्या पल्ल्याच्या कडेच्या ओळी आड जातात, उरलेल्या कडेकडे आकसत जातात, अलीकडचा पल्ला दाबू नये.’ पूर्ण बाजूने बसलेल्या माणसाचे काय लिहावे? तेथे बटणपट्टीच छातीच्या कडेवर येते आणि पलीकडचा पल्ला जवळजवळ दिसत नाही.

खानापूर
तेथे पलीकडच्या पल्ल्यापुरते ‘आड जाणे’ एवढेच लिहावे. ‘आकसणे’ मात्र मलाही पूर्ण पटलेले नाही, कारण थंडीने अंग आकसते तेव्हा ते खरोखरच आकसते. कोणाकडे याहून चांगला शब्द असल्यास सुचवावा.

शहापूर
आम्ही ‘पल्ला मोडला’ म्हणतो, पण ते घडी पडल्यावर.