पुराचं पाणी ओसरलं, गल्लीत लाईन आली, पण घरातला मेन स्विच कधी टाकायचा? (मदत हवी आहे)

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, नदीपासून जवळ. गोसीखुर्दचं पाणी सुटलं की गावचा नाला उलटा भरतो, 2020 चा पूर इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. या वेळी तेवढं नाही, पण घरात अडीच फुटांपर्यंत पाणी चढलं आणि रात्रभर तसंच होतं. आता ओसरलं, गाळ काढणं चालू आहे.

मीटर आणि मेन स्विच वऱ्हांड्यात छातीच्या वर आहेत, तिथं पाणी पोचलं नाही. खोल्यांचे मोठे बोर्डही वाचले. पण खालचे तीन पॉइंट (फ्रिजचा, कूलरचा आणि न्हाणीजवळ नंतर काढलेला वॉशिंग मशीनचा) पूर्ण बुडाले. वायरिंग भिंतीतल्या पाइपातून आहे. अंगणातला बोअरच्या मोटारीचा स्टार्टरही बुडाला. फ्रिज चौरंगावर होता, तरी त्याच्या बुडापर्यंत पाणी आलं.

काल डीपी सुरू झाला, सगळ्या गल्लीत उजेड आहे. आई म्हणते, पंखे लाव, भिंती वाळतील. तालुक्याचा वायरमन चार-पाच दिवसांनी येतो म्हणाला. तोवर वरचे दिवे-पंखे तरी लावू का? का मेनला हातच लावू नको?

कापूसवाला यवतमाळ

भाऊ, एमसीबी हाय ना घरी? मंग काहून भेता? शॉर्ट असन तर ते सोताच पडते. 2023 मध्ये महागावकडं पूर आला तवा माह्या साळ्याच्या घरी कमरेवर पाणी होतं. त्यानं बोर्ड खोलले, दोन दिस उन्हात ठेवले, टेस्टर लावून पाह्यलं आणि केलं सुरू. अजून चालू हाय. फक्त मोटार सुरू करू नका लगेच, तिची वाइंडिंग जळते.

जुना तारतंत्री

कापूसवाले भाऊ, मोटारीचं बरोबर बोललात. एमसीबीचं नाही.

एमसीबी पडते ती जास्त करंट ओढला गेला तर. 16 अँपियरची एमसीबी ओल्या भिंतीतून अर्धा अँपियर गळत असला तरी महिनाभर ढिम्म हलणार नाही. माणसाच्या छातीतून 0.1 अँपियर गेला तरी जीव जातो. म्हणजे घर वाचवायला एमसीबी ठीक, पण ओल्या घरात माणसासाठी ती नसल्यातच जमा. टेस्टरचंही तसंच. तो फक्त त्या जागी, त्या क्षणी फेज आहे का ते सांगतो, आणि कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून लावला तर तेही नीट सांगत नाही. पाइपाच्या आत काय चाललंय ते त्याला काय ठाऊक?

वैनगंगाकाठ, तुमच्याकडं आधी तीन गोष्टी करा. मेन बंद आहेच, पण किटकॅट फ्यूज असतील तर ते काढून स्वतःच्या खिशात ठेवा. घरात चार माणसं असली की कोणीतरी "बघू तरी" म्हणून खटका दाबतोच. मेनला जाताना पायाखाली पाणी किंवा ओला गाळ नको, कोरडी फळी टाका, पायात रबरी चप्पल घाला. ती जागाच ओली असती तर मी तुम्हाला तिकडं जाऊच दिलं नसतं, लाईनमनला सांगून खांबावरून सप्लाय तोडायला लावला असता. मेन बंद केला तरी खांबापासून मेनपर्यंतची तार जिवंतच असते हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आणि कृपा करून गावातल्या कुठल्याही हुशार पोराला डीपीवर काठी घेऊन पाठवू नका.

दुसरं, इन्व्हर्टर आहे का? असेल तर मेन बंद असूनही तो दिवे-पंख्यांच्या तारेत करंट सोडत असतो. लोक नेमकं हे विसरतात.

तिसरं, वरचे दिवे आणि खालचे पॉइंट यांचे फ्यूज वेगळे आहेत का ते कळवा. त्यावर तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

वैनगंगाकाठ

काका, किटकॅट दोन आहेत. एक दिवे-पंख्यांचा, एक पावर पॉइंटचा. मागच्या उन्हाळ्यात कूलरचा झटका बसला होता तेव्हा मेनच्या खाली, करंट गळाला की पडणारा आरसीसीबी बसवून घेतला, तोही कोरडा आहे. इन्व्हर्टर आहे, तो टेबलावर, पण बॅटरी खाली होती, बुडाली.

मग पावरचा फ्यूज काढून नुसते दिवे लावले तर?

जुना तारतंत्री

आरसीसीबी आहे हे फार बरं झालं. पण फ्यूज काढला की फक्त फेज तुटतो. आपल्याकडं बहुतेक घरांत दोन्ही लाईनींचा न्यूट्रल एकत्र बांधलेला असतो. म्हणजे खालच्या ओल्या पॉइंटांची न्यूट्रल तार दिव्यांच्या लाईनीला जोडलेलीच राहते. मग दिवे लावले की आरसीसीबी पडतो, माणूस म्हणतो "फ्यूज तर काढलाय, हा आरसीसीबीच खराब" आणि त्याला बायपास करतो. तिथं घात होतो. तो पडला तर समजा, त्यानं काम केलं.

वायरमन येईपर्यंत मेन बंदच. रात्रीला बॅटरीचा टॉर्च, मोबाइल शेजारी चार्ज. इन्व्हर्टर बंद करा, हात आणि जागा कोरडी असताना बॅटरीची काळी तार सोडा. पाना एकाच वेळी दोन्ही टर्मिनलला लागू देऊ नका.

तोवर खालचे तीन बोर्ड खोलून ठेवा. उन्हात ठेवायची घाई नको, आधी धुवा. पुराच्या पाण्यात माती, युरिया, शेण सगळं असतं. गाळ वाळला तरी क्षार तिथंच राहतात आणि पुढच्या दमट रात्री परत ओल धरतात. मग स्विचच्या आत बारीक ठिणगी चालत राहते, आणि जळक्या मासळीसारखा वास येतो तेव्हा लोकांना कळतं. खरं तर बुडालेले स्विच-सॉकेट फेकाच, ती फार महाग वस्तू नाही. धुवायचा तो मागचा डबा आणि पाइपाचं तोंड.

शेतकरी पुत्र 4

माझ्या शेतातल्या मोटारीचं पेटी-स्टार्टर वाहून गेलं. याची भरपाई महावितरण देते का? कुठं अर्ज करायचा?

जुना तारतंत्री

दादा, इथं घराच्या वायरिंगचं चाललंय. मोटार-स्टार्टर तुमचं, महावितरणचं नाही. पंचनाम्यात लिहून घ्यायला तलाठ्याला सांगा, फोटो काढून ठेवा. बाकी नवीन धागा काढा, जाणकार सांगतील. शेतात तार तुटून पडली असेल तर मात्र जवळ जाऊ नका, 1912 वर कळवा.

हिंगणघाटची सून

काका म्हणतात ते बायपासचं आमच्या दिरांच्या घरी झालं. आरसीसीबी सारखा पडे म्हणून कुणीतरी तो काढून सरळ जोडून दिला. दोन-तीन दिवस सगळं छान. मग जाऊबाई ओल्या हातानं नळाला लागल्या की झिणझिण्या येऊ लागल्या. सगळे म्हणायचे पंपाचं असेल. शेवटी निघालं काय, तर भिंतीतला पाइप आणि नळाचा लोखंडी पाइप एका ठिकाणी चिकटून गेले होते आणि तिथंच वायरचं सालटं गेलेलं. नशीब म्हणून वाचल्या.

मला विचारायचं होतं, आमचं माहेरचं घर मातीचं आहे, वायरिंग भिंतीवर पट्टीतून आहे. त्यालाही हेच?

जुना तारतंत्री

ताई, पट्टीचं सोपं. झाकण काढलं की सगळी तार दिसते, वाराही लागतो. पाइपात पाणी वळणावर महिना-महिना साचून राहतं. मातीची भिंत मात्र स्वतःच ओल धरून ठेवते, म्हणून बोर्डामागं हात लावून भिंत गार लागते का पाहा. लागत असेल तर थांबा.

वैनगंगाकाठ

वायरमन आज येऊन गेला. त्याच्याकडं तारेतून करंट गळतो का ते मोजणारा मेगर होता (काका, तुम्ही म्हणाला नव्हता, पण त्यानंच आणला). सगळी उपकरणं प्लगमधून काढली, बल्ब काढले, मेन बंद ठेवून तपासलं.

दिव्यांची लाईन 20 मेगओहमच्या वर. पावरची 0.2. तो म्हणाला, 1 च्या खाली असेल तर मी जोडणार नाही. पावरचा फ्यूज बाहेर असूनही दिव्यांचं रीडिंग आधी कमीच येत होतं. काकांनी सांगितलं होतं तेच निघालं, न्यूट्रल एकत्र. त्यानं न्यूट्रल सोडून वेगळे केले तेव्हा कुठं 20 दिसले.

मग पावरची लाईन फ्रिजच्या पॉइंटपाशी मधोमध तोडली. मेनकडची बाजू चांगली, न्हाणीकडची खराब. वॉशिंग मशीनचा पॉइंट नंतर काढला होता ना, त्या वेळच्या मिस्त्रीनं फरशीखालच्या वळणात तार जोडून नुसती टेप गुंडाळली होती. तार ओढली तर पाइपातून तांब्याभर गढूळ पाणी आलं. तेवढा तुकडा 2.5 चौरस मिमीच्या नव्या अखंड तारेनं बदलला, बुडालेल्या तारांची काळी पडलेली टोकं कापून नवे सॉकेट लावले. रीडिंग 8 आलं. मेन टाकला, मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहिलं, तो पडला, परत चढवला. त्यानंतर अजून पडला नाही.

स्टार्टर तोडून ठेवलाय. आता राहिला फ्रिज. तो लावू का?

जुना तारतंत्री

वायरमन चांगला मिळाला. त्याचा नंबर जपून ठेवा. महिनाभरानं परत एकदा मेगर लावून घ्या, भिंत वाळताना रीडिंग वर जायला पाहिजे. खाली आलं तर अजून कुठंतरी जोड आहे.

फ्रिज माझ्या मते लावू नका. कॉम्प्रेसर सीलबंद असतो, पण त्याच्या बाजूचा रिले आणि ओव्हरलोड अगदी बुडाशी असतात.

गारवा वर्धा

मी फ्रिजचंच काम करतो. काका, पाणी बुडालाच लागलं असेल तर रिले आणि ओव्हरलोड बदलून, मागचा भाग धुऊन वाळवून फ्रिज वाचतो. मी असे बरेच चालू केलेत. फक्त प्लगच्या दोन पिना तारेनं एकत्र जोडून अर्थच्या पिनेशी मेगर लावून बघायचा, मगच. पण इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला असेल तर त्याच्या कार्डाला 500 व्होल्टचा मेगर लावू नका, कार्ड जाईल. तो कंपनीच्या माणसालाच दाखवा.

जुना तारतंत्री

रिले बदलला तरी बुडाच्या पत्र्यातला फोम पाणी धरून बसतो, हे मी पाहिलंय. पण तुमचा हात रोजचा आहे, माझा नाही.

गारवा वर्धा

फोम भिजला असेल तर खालचा पत्रा फुगतो आणि दाबला की पाणी सुटतं. तसं असेल तर मीही सोडून द्या म्हणेन. वैनगंगाकाठ, मॉडेलचं स्टिकर आणि खालच्या बाजूचा फोटो टाका. आणि फ्रिजच्या पॉइंटला अर्थिंगची तार खरंच जमिनीपर्यंत गेलीय का, का तीन पिनांचा नुसता सॉकेट आहे, तेही वायरमनला विचारा.

वैनगंगाकाठ

फोटो संध्याकाळी टाकतो. अर्थिंगची तार आहे, पण ती कुठं गेलीय ते आमच्या बाबांनाही सांगता येत नाही. उद्या अंगणात खणून पाहतो.