मदत हवी आहे: पगाराच्या १० टक्के परतफेड करतेय, पण कर्ज वाढतंच चाललंय. फिटणार कधी?

कोरा_कागद

एका संस्थेकडून शिक्षणासाठी १० लाखांचं कर्ज घेतलं आहे. ठरलेला हप्ता नाही. दरवर्षी एकूण पगाराच्या १० टक्के रक्कम वर्षाअखेरीस भरायची, आणि शिल्लक कर्जावर ८ टक्के व्याज. सुरुवातीचा पगार वर्षाला ६ लाख होता, तो दरवर्षी साधारण ६ टक्क्यांनी वाढतो. तीन वर्षांत मी १,९१,०१६ भरले आणि परवा आलेल्या उताऱ्यात शिल्लक दिसतेय १०,५३,६२४! त्यांचा हिशोब चुकलाय की माझी समजूत? आणि असंच चालू राहिलं तर हे किती वर्षांत फिटेल?

रोखठोक

हिशोब बरोबर आहे, करार वाईट आहे. पहिल्या वर्षी व्याज ८०,००० आणि तुम्ही भरले ६०,०००. जो हप्ता व्याजालाही पुरत नाही, त्याने कर्ज जन्मात फिटत नाही. दुसरीकडून ठरावीक हप्त्याचं कर्ज काढा आणि हे मिटवून टाका.

निशाचर

मीपण हेच करतो. हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेतो, घराचं कर्ज बरंच लवकर संपतंय. काळजी करू नका, चांगली पद्धत आहे.

कोरा_कागद

@निशाचर, तसं नाही हो. हप्ता १० टक्क्यांनी वाढत नाही, तो पगाराच्या १० टक्के असतो. वाढतो पगाराच्याच वेगाने, म्हणजे ६ टक्क्यांनी.

ताळेबंद

रोखठोक म्हणतात ते पगार जागच्या जागी राहिला तर अगदी खरं. इथे पगार वाढतोय, त्यामुळे चित्र वेगळं आहे.

आधी उताऱ्याचं बघू. दुसऱ्या वर्षाच्या व्याजाची ओळ काढा. तिथे ८१,६०० असेल तर न भरलेलं व्याज मुद्दलात मिळवलं जातंय. ८०,००० असेल तर नाही. तुमची शिल्लक १०,५३,६२४ म्हणजे पहिला प्रकार, आणि त्या हिशोबाने आकडा रुपयापर्यंत जुळतो.

आता पुढचं. स्प्रेडशीटमध्ये एवढंच टाका आणि शेवटची ओळ खाली ओढत न्या:

```
A2: 1000000
B2: 60000
A3: =A2*1.08-B2
B3: =B2*1.06
```

A मध्ये शिल्लक, B मध्ये त्या वर्षीचा भरणा. सहा वर्षं व्याज भरण्यापेक्षा जास्त आहे, सातव्या वर्षीही किंचित जास्तच. तिथे शिल्लक १०.८३ लाखांवर पोचते आणि आठव्या वर्षापासून उतरायला लागते. सगळ्यात जीवावर येणारी ओळ बाराव्या वर्षाची आहे: तोवर तुम्ही १०.१२ लाख भरलेले असाल आणि शिल्लक असेल बरोबर १० लाखांच्या आसपास, म्हणजे जिथून निघालात तिथेच. माणसं वैतागून चुकीचे निर्णय घेतात ते या सुमाराला. पण तोपर्यंत वार्षिक भरणा १.१४ लाख झालेला असतो, आणि पुढचं सगळं दहा वर्षांत उरकतं. बाविसाव्या वर्षी कर्ज संपतं. एकूण भरणा २५.४ लाख.

रोखठोक

मान्य, फिटतं. पण व्याज ८ आणि पगारवाढ ६. व्याज पगारवाढीच्या पुढे असेल तर पाठलाग हरलेलाच ना? तुमच्या तक्त्यात काहीतरी गफलत वाटते.

ताळेबंद

पाठलाग पगाराचा आणि व्याजाचा नाहीच. कर्ज पगाराच्या पटीत मोजा. सुरुवातीला ते पगाराच्या पावणेदोन पटीच्या जरासं आत होतं. व्याजाने ही पट वाढते, पगारवाढीने घटते, म्हणजे काहीच न भरता ती वर्षाला जेमतेम २ टक्क्यांनी वाढेल. पावणेदोन पटीचे २ टक्के म्हणजे पगाराचे साडेतीन टक्के. तुम्ही भरताय १०. मधला फरक कर्ज खातो.

खरी भीती पगारवाढ मंदावण्याची आहे. बाकी सगळं तेच ठेवून फक्त वाढ बदलली तर ८ टक्क्यांना १८ वर्षं लागतात, ६ ला २२, ४ ला २९ च्या किंचित वर, ३ ला ३८. आणि २ टक्क्यांवर कर्ज कधीच फिटत नाही, तेही दरवर्षी २ टक्क्यांनी वाढतच राहतं. ६ वरून ४ वर येताना सात वर्षं जातात, ४ वरून ३ वर येताना नऊ. म्हणून 'साधारण ६' मधल्या 'साधारण'कडे नीट बघा.

वाटसरू

कागदावर पगार दरवर्षी शहाण्यासारखा वाढतो. माझं काम कंत्राटी आहे, एक अख्खं वर्ष हातात काही आलं नव्हतं. कमाई नाही तर भरणा नाही, ही सोय तेव्हा फार बरी वाटली. कर्जावर काय परिणाम झाला ते मात्र कोणी सांगितलं नाही.

ताळेबंद

कोरा_कागद यांच्या आकड्यांवर सांगतो, तुमचे मला माहीत नाहीत. चौथं वर्ष कोरं गेलं आणि पाचव्या वर्षी पगार आधीच्याच मार्गावर परत आला, तर कर्ज साधारण दीड वर्ष उशिरा फिटतं. पण खंडानंतर पगार जिथे सुटला होता तिथूनच पुढे सुरू झाला, तर जवळजवळ तीन वर्षं. कोऱ्या वर्षाइतकंच नुकसान हुकलेल्या वाढीचं असतं.

कोरा_कागद

आता कुठे डोक्यात प्रकाश पडला. आतापासून स्वतःहून १२ टक्के भरले तर? आणि करारात २० वर्षांची मुदत आहे, पण वाक्य असं आहे: "मुदतीअंती शिल्लक राहिलेल्या रकमेबाबत संस्था निर्णय घेईल." याचा अर्थ काय घ्यायचा?

ताळेबंद

१२ टक्के केलेत तर एकूण १८ वर्षांत, वर दोन-चार आठवड्यांत संपेल. पण ते वाक्य आधी सोडवा, सगळी गोम तिथे आहे. १० टक्क्यांनी गेलात तर विसाव्या वर्षाअखेर सुमारे ३ लाख उरतात. इंग्लंडच्या विद्यार्थी कर्जात, २०१२ ते २०२३ दरम्यान शिक्षण सुरू केलेल्यांसाठीच्या योजनेत, ३० वर्षांनी उरलेलं माफ होतं हे नियमातच लिहिलेलं आहे. तुमच्याकडे तसं असेल तर जास्तीचे २ टक्के भरून तुम्ही माफ होणारी रक्कमच फेडाल. माफी नसेल तर जरूर भरा.

रोखठोक

थांबा, मी तुमच्याच शीटवर बेरीज केली. २० वर्षं १० टक्के भरून ३ लाख माफ झाले तरी एकूण २२.०७ लाख जातात. १२ टक्क्यांनी २२.०५. मग माफीची वाट बघून कमावलं काय? दोन वर्षं आधी मोकळं व्हा.

ताळेबंद

बेरीज बरोबर आहे. पण १२ टक्क्यांत पैसे लवकर हातातून जातात, आणि चौथ्या वर्षीचा रुपया विसाव्या वर्षीच्या रुपयाइतका नसतो. ८ टक्क्यांच्या हिशोबाने माफीचा मार्ग स्वस्तच पडतो.

रोखठोक

ते पैसे कुठेतरी ८ टक्क्यांनी वाढवणार असाल तर. पगारदार माणूस ते खर्च करतो.

कोरा_कागद

दोघांचंही पटतंय, म्हणून अजून काहीच ठरवत नाही. त्या वाक्याबद्दल संस्थेला लेखी विचारलंय, फोनवरचं उत्तर घेणार नाही म्हणून कळवलंय. तोवर १० टक्केच. कोणाच्या करारात असंच मोघम वाक्य होतं आणि पुढे त्याचा काय अर्थ लावला गेला, हे कोणी सांगू शकेल का?