अर्थिंगचं रीडिंग ११ ओहमवर अडकलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खड्ड्यात मधोमध ३ मीटरचा रॉड उभा करून भोवती कोळसा आणि खडेमिठाचे आलटूनपालटून थर दिलेत, पाणीही भरपूर सोडलंय. तरी अर्थ टेस्टर ११ ओहम दाखवतोय, मला ५ च्या आत हवंय. मोजताना रॉडची वायर सोडवली होती. करंट स्पाइक ३० मीटरवर, पोटेन्शियल स्पाइक १८.५ मीटरवर, तो दोन-दोन मीटर पुढेमागे सरकवूनही आकडा हलला नाही, म्हणजे मापन बरोबर असावं.

मीठ वाढवलं तर आकडा उतरेल, पण ते पाण्याबरोबर झिरपून जातं आणि क्लॅम्पही गंजतो, म्हणून नको वाटतं. ६ मीटरवर दुसरा रॉड ठोकून दोन्ही जोडले, तर सहाच्या आसपास येईल ना? मग तिसराही ठोकावा, की आहे तोच रॉड खोल न्यावा? खाली कठीण मुरूम आहे.